बन्सी चहा सांगायला गेला

पैठण रोडवर चितेगावच्या अलीकडं ट्रान्सपोर्टच्या गाड्या रांगेनं उभ्या असतात, तिथं अतुलशेठचं टायरचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, कॉम्प्रेसरची खोली आणि पुढं ऑइलनं काळं पडलेलं अंगण. या अंगणात बन्सी साळवे आणि कचरू नरवडे हे दोन फिटर बरीच वर्षं बरोबरीनं काम करत होते. बन्सी मुकुंदवाडीचा, अंगानं बारीक, बोलायला कमी. कचरू पाचोडचा. घरची थोडी कोरडवाहू जमीन भावाच्या हवाली करून तो इकडं आला होता. खांदे रुंद, आवाज मोठा, आणि गाडी अंगणात शिरली की पहिली शिवी त्याची. ड्रायव्हर लोकांना तो आवडायचा. बन्सीलाही आवडायचा.

ज्यांनी ट्रकचं टायर कधी खोललेलं पाहिलं नाही, त्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या घडणीची डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढतं तो लोखंडी सांगाडा, एकसंध नसते. डिस्कच्या एका काठाला कडा असते, दुसरा काठ मोकळा. त्या मोकळ्या बाजूनं टायर, आतली ट्यूब आणि ट्यूबखालचा रबरी फ्लॅप चढवायचा, मग लोखंडाची एक गोल कडी बसवायची आणि ती कडी निसटू नये म्हणून तिच्याबाहेर, डिस्कच्या खाचेत, एके जागी चिरलेली लॉक रिंग टॉमीनं, म्हणजे चपट्या टोकाच्या लोखंडी दांड्यानं, दाबून घालायची. स्क्रू नाही, नट नाही. आतली हवा टायरला बाहेर रेटते, टायर कडीला रेटतं, कडी रिंगला, आणि रिंग खाचेत रुतून बसते. सगळा भार त्या बोटभर खोल खाचेवर. खाचेत गंज साचला, रिंग वाकडी असली, किंवा एका डिस्कची रिंग दुसरीला घातली, तर रिंग बसल्यासारखी दिसते पण बसलेली नसते. मग हवा भरताना किंवा चाक काढताना ती सुटते. सुटते म्हणजे गळून पडत नाही. तोफेतून निघावी तशी निघते.

बन्सीच्या डोळ्यासमोर ती पहिल्यांदा सुटली ती एका उन्हाळ्यात, भर दुपारी. कचरू हवा भरत होता. चाक जमिनीवर आडवं होतं आणि रिंगचं एक टोक जरा उचललेलं दिसत होतं. खरं तर हवा सोडून, रिंग काढून, खाच खरडून पुन्हा बसवायला हवी होती. कचरूनं नेहमीसारखा हातोडा घेतला आणि हवा चालू असतानाच रिंगवर दोन ठोके घातले. सगळेच घालायचे. बन्सीही घालायचा. त्याच वेळी बन्सीच्या हातातला पाना निसटला, म्हणून तो बाजूला वाकला. धडाड्‌ असा आवाज झाला. बन्सीचं डोकं ज्या जागी होतं तिथून रिंग वर गेली आणि शेडचा पत्रा फाडून मागच्या शेतात पडली. कचरू मागं उताणा पडला होता. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं.

"च्यायला! रॉकेट सुटलं की रं!" तो पडल्या पडल्या हसायला लागला. ड्रायव्हर हसले, चहावाला हसला. बन्सीही हसला. मग तो पाना शोधायचं निमित्त करून खाली बसला आणि बराच वेळ बसून राहिला.

त्या दिवसापासून बन्सीला हवेची भीती बसली.

ही गोष्ट त्यानं कुणालाही सांगितली नाही. सांगणार काय? मोटारीच्या धंद्यातल्या माणसानं हवेला भिणं म्हणजे कोळ्यानं पाण्याला भिण्यासारखं. हवेच्या दाबाचा काटा चढायला लागला की त्याचे पाय चाकाजवळ थांबत नसत. तो पाइप लावून लांब जाऊन उभा राहायचा आणि वर तोंड करून आभाळाकडं बघायचा, जणू पावसाचा अंदाज घेतोय. घरी कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचा. बायको करुणा विचारायची, "काय झालं?" तो म्हणायचा, "काय नाय, डुलकी लागली व्हती."

भीती लपवायला त्याला नाना युक्त्या कराव्या लागत. चाक गाडीवरून उतरवायच्या आधी तो व्हॉल्वची पिन काढून सगळी हवा सोडायचा. मागची जोडचाकं असली तर आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही टायरांची. मग व्हॉल्वमध्ये तार घालून बघायचा, घाणीनं भोक बुजून हवा आत तर राहिली नाही ना. खाचेतला गंज तो तारेच्या ब्रशनं खरडायचा. काम हेच बरोबर होतं. टायर कंपनीच्या माणसानं एकदा येऊन हेच सांगितलं होतं आणि रिंग सुटली तरी आतच अडावी म्हणून हवा भरायला लोखंडी पिंजरा करा, असंही बजावलं होतं. पण बन्सीला ते बरोबर म्हणून करतोय असं कधी वाटलं नाही. आपण भित्रे आहोत म्हणून करतोय, एवढंच त्याला ठाऊक होतं. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "ट्यूब जुनी हाये, चेक करतो." खोटं बोलायचा आणि त्याची वेगळी लाज वाटायची.

कचरूच्या ते लक्षात आलंच. एक दिवस चार ड्रायव्हर बसलेले असताना तो मोठ्यांदा म्हणाला, "बन्सी, एक इचारू? तुला आता हवेचं भ्या वाटायलंय व्हय रं?"

"भ्या कशाचं?"

"मग गाडी आली की निम्मा दिस हवाच सोडत बसतूस. ते बघा, सासरी निघालेल्या पोरीवानी टायराला कवटाळून बसलंय!"

सगळे हसले. कचरूच्या मनात वाईट नव्हतं. तो बन्सीच्या पाठीवर थाप मारून स्वतःच्या डब्यातली भाकरी त्याच्यापुढं सरकवतच बोलत होता. बन्सीनं भाकरी खाल्ली.

त्यानंतर आठवडाभरानं बीडकडची एक गाडी आली. लोखंडी सळयांनी भरलेली, वाळूजच्या कुठल्याशा कारखान्यात खाली करायची. ड्रायव्हर उतरला तोच करवादत.

"मागचं डावं चाक थाडथाड वाजतंय. लवकर बघा राव. गेट बंद झालं तर रातभर बाहेर सडावं लागंल मला."

बन्सी चाकाजवळ उकिडवा बसला. जोडचाक होतं. बाहेरच्या टायरची हवा भरलेली होती, टायर दगडासारखं टणक. पण रिंगच्या कडेनं एके जागी तांबूस, ओली दिसणारी रेघ होती. गंज आतून झिरपून आल्यासारखी. तिथं रिंगची दोन टोकं असायला हवी त्यापेक्षा जास्त फाकलेली होती आणि त्या अंगाची रिंग इतर ठिकाणापेक्षा वर आलेली होती. खाचेला तडा गेलेला असणार. आता या चाकाला हात लावायचा नाही. आधी दोन्ही टायरांची पिन काढायची, सगळी हवा जाऊ द्यायची, आणि मगच नटाला पाना लावायचा.

तो तोंड उघडणार तेवढ्यात पाठीमागून कचरू आला. पाना त्याच्या खांद्यावर होता.

"काय म्हणतंय?"

"डिस्क बदलावी लागंल," बन्सी म्हणाला. "पण..."

"पण काय?"

ड्रायव्हर बघत होता. शेडमध्ये बसलेले दोघं-तिघं बघत होते. कचरूच्या ओठांवर हसू यायच्या बेतात होतं. बन्सीला ते हसू आधीच ऐकू आलं. 'हवा सोडू' हे दोन शब्द त्याच्या जिभेवर होते. ते बोलले की आता सगळे हसणार, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"पण काय न्हाई," तो म्हणाला. "नट जाम दिसत्यात. तू लाव पाना. मी चहा सांगून येतो."

आणि तो उठून चालू लागला.

चहाची टपरी लिंबाच्या झाडामागं होती. बन्सी झाडाच्या आडोशाला पोचला आणि तिथंच थांबला. चहावाल्याला त्यानं काहीच सांगितलं नाही. पान्यात पाइप घालून कचरू नटावर लोंबकळत होता, त्याचा हुंकार ऐकू येत होता. एक नट सुटला. दुसरा सुटेना. "घण आण रं," कचरू ड्रायव्हरला म्हणाला. मग पाइपवर घणाचे दणके बसायला लागले. प्रत्येक दणक्याला बन्सीचे खांदे वर जात होते. त्याला अजूनही ओरडता आलं असतं. 'कचरू, सरक तिथून,' एवढंच. त्यानं लिंबाच्या सालीत नख रुतवलं आणि तो गप्प राहिला.

आवाज झाला तेव्हा झाडावरचे सगळे कावळे एकदम उडाले.

बन्सी धावला. चाकापासून बरंच लांब कचरू पडला होता, कुशीवर, झोपल्यासारखा. रिंग आणि कडी दोन दिशांना गेल्या होत्या. रिंग आधी त्याच्या उजव्या हातावर बसली होती आणि मग तोंडावर. जबडा भलतीकडंच सरकला होता, डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं रक्त होतं. ड्रायव्हर घण धरून उभा होता. तो बाजूला उभा राहून मारत होता म्हणून वाचला. "मी काय नाय केलं, मी काय नाय केलं," एवढंच तो म्हणत होता.

अतुलशेठच्या गाडीत घालून कचरूला घाटीत, सरकारी दवाखान्यात, नेलं. वाटभर कचरूचं डोकं बन्सीच्या मांडीवर होतं. बन्सी त्याच्या कानाशी सारखा म्हणत होता, "कचरू, मी हाय. मी हाय इथं." आणि म्हणताना त्याला स्वतःच्या आवाजाची किळस येत होती. जेव्हा असायला पाहिजे होतं तेव्हा तो नव्हता.

कचरू वाचला. डोळा गेला. जबडा तारांनी बांधला. उजव्या हाताची हाडं जुळवली, पण डॉक्टरांनी सांगितलं की बोटं पूर्वीसारखी वळायची नाहीत.

वॉर्डाबाहेर बन्सीला जो भेटे तो एकच म्हणे. अतुलशेठ म्हणाले, "नशीब तुझं बन्सी, चहा सांगायला गेलास." चहावाला म्हणाला, "माझ्या टपरीनं वाचवलं तुला." पाचोडहून आलेला कचरूचा भाऊ म्हणाला, "तुम्हीबी तिथंच असता तर दोघं गेले असते." बन्सी मान हलवायचा. दर वेळी मान हलवताना खोटं आणखी घट्ट होत होतं.

घरी करुणानं बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली, गोडाचा शिरा केला. "कचरूभाऊंचं लई वाईट झालं," ती म्हणाली. "पण तुम्ही वाचलात. शेजारच्यांनाबी वाटी दिली मी."

बन्सीनं वाटी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

"मी चहाला गेलो नव्हतो, करुणा."

"म्हंजी?"

"चहा सांगितलाच नाय मी. झाडामागं उभा व्हतो. मला दिसलं व्हतं, रिंग सुटणार म्हणून. हवा सोडा, एवढं म्हणायचं व्हतं. म्हणलो नाय."

"का?"

"हसले असते."

करुणा त्याच्याकडं बघत राहिली. तिनं त्याला जवळ घेतलं नाही की समजूत काढली नाही. शेजारच्यांना दिलेल्या वाटीचं तिला वाईट वाटत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ती म्हणाली, "भ्या वाटलं ह्याची लाज नका धरू. भ्या कुणालाबी वाटतं. पण मैतराला मरायला सोडून तुम्ही झाडामागं गेलात." आणि जरा वेळानं, "हे मला सांगून काय उपेग? ज्यांचा डोळा गेला त्यांना सांगा."

ते इतकं सोपं नव्हतं. बन्सी घाटीत रोज जायचा. कचरूच्या तोंडात नळीनं पेज घालायचा, कपडे बदलायला मदत करायचा, औषधं आणून द्यायचा. कचरूची बायको वच्छलाबाई सगळ्यांना सांगायची, "सख्खा भाऊ करणार न्हाई एवढं हे करायलेत." ते ऐकलं की बन्सी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा. सांगायचं म्हणून रोज निघायचा आणि न सांगता परत यायचा. सेवा करून फिटेल असं त्याला वाटलं होतं. उलट सेवेचं कौतुक होऊन ओझं वाढतच चाललं होतं.

शेवटी कचरूला घरी पाठवलं आणि मग बन्सी एका रविवारी एसटीनं पाचोडला गेला. आठवडी बाजार भरला होता. बाजाराच्या गर्दीतून वाट काढत तो नरवड्यांच्या घरी पोचला. कचरू ओसरीवर बाजेवर बसला होता. डोळ्यावर पट्टी, गाल आत गेलेले. तारा निघाल्या होत्या, पण तोंड नीट उघडत नव्हतं. शब्द दातांतून गाळून यायचे. वच्छलाबाईनं पाणी आणून दिलं आणि ती दाराच्या चौकटीला टेकून बसली.

बन्सी पाणी प्याला नाही. त्यानं सगळं सांगितलं. तांबूस रेघ सांगितली, फाकलेली टोकं सांगितली, झाड सांगितलं, घणाचे दणके ऐकत उभा राहिलो तेही सांगितलं. बोलताना त्याची नजर बाजेच्या पायावरून वर गेली नाही.

बाहेर कुणीतरी बकरी ओढत नेत होतं, तिचं ओरडणं तेवढं ऐकू येत होतं.

"तू सरकलास ते दिसलं व्हतं मला," कचरू म्हणाला.

बन्सीनं मान वर केली.

"मला वाटलं, भ्यालं येडं. हसलो मी मनात. म्हणून तर जोरात घण मारायला लावला. तुला ऐकू जावं म्हणून."

"कचरू..."

"तू बोलला असतास तरी म्या ऐकलं नसतं."

बन्सीला वाटलं, इथं थांबावं. हे वाक्य घेऊन घरी जावं. एवढ्यावर आयुष्य काढता येईल. पण दाराशी बसलेली वच्छलाबाई बोलली. तिचा आवाज चढला नव्हता.

"यांनी ऐकलं नसतं, खरं हाये. शिव्या दिल्या असत्या तुम्हाला. पण भाऊ, तुम्ही भांडला असता, पाना हिसकला असता, तर तेवढ्या वेळात हे उठून तुमच्या अंगावर तरी आले असते. चाकाम्होरून हालले असते. न्हाई का?"

"व्हय," बन्सी म्हणाला.

"दवाखान्यात मी तुम्हाला भाऊ म्हणले."

"व्हय."

तिनं पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली. कचरूनं बाजेवर पडून भिंतीकडं कूस बदलली. उजवा हात टेकवता येत नसल्यानं त्याला वेळ लागला. बन्सीचा हात मदतीसाठी पुढं झाला आणि तसाच मागं आला. तो उठला. न प्यालेल्या पाण्याचा तांब्या ओसरीच्या कडेला नीट ठेवला आणि बाजारातून चालत स्टँडवर आला. कुणी बघितलं तर बघू दे, असं म्हणून तो बाकावर बसून रडला. बाजारच्या बायका पिशव्या सावरत त्याच्याकडं बघत होत्या.

अतुलशेठनं आता बन्सीला मुख्य फिटर केलं. बन्सी नको म्हणाला, पण दुसरं कुणी नव्हतं. मग त्यानं एकच गोष्ट मागितली. पिंजरा. अतुलशेठलाही त्या दिवसापासून झोप नव्हती, त्यांनी लगेच हो म्हटलं. जाड पाइपचा, चारी बाजूंनी वेढणारा, आत उभं चाक मावेल असा पिंजरा तयार झाला. हवेच्या पाइपला लांब नळी, टोकाला व्हॉल्वला चिमटून बसणारी क्लिप आणि काटा व झडप चाकापासून दूर, शेडच्या खांबाजवळ. आधी थोडीशी हवा भरून रिंग चहूकडून खाचेत बसली का बघायचं, न बसली तर हवा सोडून पुन्हा पहिल्यापासून. बसली तर चाक पिंजऱ्यात, क्लिप लावायची आणि बाजूला व्हायचं. हवा भरत असताना रिंगला हातोडा लावायचा नाही. वाकडी रिंग, तडा गेलेली डिस्क भंगारात. वेल्डिंग मारून पुन्हा वापरायची नाही.

हे सगळं झालं तरी बन्सीच्या मनातलं गेलं नाही. पिंजऱ्याकडं बघून नवे ड्रायव्हर म्हणायचे, "वाघ पाळलाय व्हय?" तो नुसता काम करत राहायचा.

मग एका सकाळी कांद्याची गाडी आली. ड्रायव्हर तरणा, अंगानं कचरूसारखाच, बोलण्यातही तोच फटकळपणा. मागचं जोडचाक काढायचं होतं. बन्सीनं पिन काढायला घेतली तसा तो खेकसला.

"दोन्हीची हवा कशाला सोडायलात? पंचर एकच हाये ना? कांदा सडंल माझा."

शेडमध्ये चार माणसं होती. बन्सीचे कान तापले. तेच अंगण, तसेच बघणारे. त्याच्या पायांना मागं सरकायचं होतं. त्यानं ते जागच्या जागी दाबून धरले.

"मला भ्या वाटतं," तो म्हणाला.

"काय?"

"भ्या वाटतं मला. हवेचं. हवा गेल्याबिगर मी नटाला पाना लावत नाय, आन्‌ दुसऱ्याला लावू देत नाय."

हशा झाला. ड्रायव्हर तर टाळी द्यायला कुणी आहे का म्हणून इकडंतिकडं बघायला लागला. "घ्या! हवेला भिणारा फिटर!" बन्सीनं पाना दोन्ही हातांत धरला आणि चाकाच्या बाजूला, पुढून नव्हे, उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. ड्रायव्हरनं पाना घ्यायला हात पुढं केला, तो त्यानं दिला नाही. हवा फुसफुसत गेली. आधी बाहेरच्या टायरची, मग आतल्याची. त्यानं तार घालून बघितलं. मग नट खोलले.

डिस्क ठणठणीत निघाली. खाच स्वच्छ, रिंग सरळ, कुठं तडा नाही. "दिसलं का?" ड्रायव्हर म्हणाला, "उगं घाबरवलं." आणि गाडी काढताना हॉर्न वाजवून गेला. बन्सीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. लाज वाटायची ती वाटलीच. पण ही लाज त्यानं झाडामागं नेली नव्हती, एवढाच फरक होता. त्यानंतर त्याला कुणीही विचारलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. ट्यूब जुनी असल्याचं तो पुन्हा कधी म्हणाला नाही.

कचरूचं पुढं असं झालं. तो आता पाचोडला चुलत्याच्या खतांच्या दुकानात बसतो. डाव्या हातानं लिहायला शिकला. बन्सी मधूनमधून जातो. पहिल्या दोन-तीन वेळा वच्छलाबाई बाहेर आलीच नाही. मग एकदा तिनं चुलत्याच्या पोरीच्या हाती चहा पाठवला. 'भाऊ' ती त्याला अजून म्हणत नाही. बन्सीनं तशी अपेक्षाही ठेवलेली नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी खतांची गाडी भरायला म्हणून कचरू ड्रायव्हरशेजारी बसून शहरात आला होता. परतताना पुढचं टायर बसलं म्हणून गाडी या अंगणात आली. त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच इथं उतरत होता. तो गाडीतून उतरला आणि गाडीच्या दारापाशीच उभा राहिला. एका डोळ्यानं त्यानं सगळं अंगण पाहिलं. पुढं मात्र आला नाही.

बन्सीनं उरलीसुरली हवा सोडली, चाक काढलं, टायर खोललं. बसल्या टायरवर गाडी काही अंतर चाललेली होती, म्हणून त्यानं टायर आतून हात फिरवून तपासलं, पंक्चर काढलं, ट्यूब घातली, रिंग बसवली. थोडी हवा देऊन रिंग चौफेर बघितली, चाक पिंजऱ्यात उभं केलं, क्लिप लावली आणि खांबाकडं आला. कचरूही हळूहळू त्याच खांबाकडं आला होता. बन्सीनं झडप उघडली. काटा चढायला लागला.

दोघं शेजारी उभे होते. कचरूचा वाकडा उजवा हात खिशात होता.

"अजून वाटतं का रं तुला?" कचरूनं पिंजऱ्यावरची नजर न काढता विचारलं.

"वाटतं."

काटा आणखी चढला तसा कचरू एक पाऊल मागं सरकला, खांबाच्या आड. बन्सीनं ते बघितलं आणि तोही त्याच्याजवळ, मागं सरकला.